ठिणगी दिसते, लेझर दिसत नाही

भेटवस्तूंच्या दुकानात स्टीलच्या बाटलीवर नाव कोरून घेणं आता अगदी रोजचं झालं आहे. दुकानदार बाटली यंत्राखाली आडवी ठेवतो. आधी एक लाल चौकट बाटलीवर थरथरत फिरते, त्यावरून नाव कुठे येणार ते कळतं. मग तो पायाखालचं बटण दाबतो, चर्र असा बारीक आवाज येतो आणि निळसर पांढरी ठिणगी अक्षरांच्या वळणांवरून पळत जाते. ज्याच्या वाढदिवसाची ती बाटली असते, ते मूल टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून एकटक बघत असतं. आईही वाकलेली असते. हे दृश्य मी कितीतरी दुकानांत पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी त्या दोघांना हात धरून मागे ओढावंसं वाटलं आहे.

कारण त्या दोघांना जे दिसत असतं, तो कोरणारा लेझर नव्हेच. लाल चौकट आखणारा झोत म्हणजे नुसता जागा दाखवणारा एक दुबळा दिवा. ती चमकदार ठिणगी म्हणजे तापून वाफ झालेल्या धातूचा उजेड. कोरण्याचं खरं काम करणारा झोत १०६४ नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा असतो. माणसाला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचाच प्रकाश दिसतो. म्हणजे २० वॅटचा लेझर त्या टेबलावर काम करत असतो आणि तो कुणालाच दिसत नाही.

न दिसणाऱ्या प्रकाशाला डोळा मात्र आपलाच समजतो. साधारण १४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण डोळ्यातून आरपार आत जातात आणि डोळ्याचं भिंग ते दृष्टिपटलावर एकवटतं. अंधारात ७ मिलिमीटरपर्यंत उघडणाऱ्या बाहुलीतून शिरलेला झोत आत जाऊन एका मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढ्या ठिपक्यावर गोळा होतो. म्हणजे बाहुलीशी प्रकाशाची जी तीव्रता होती, ती दृष्टिपटलावर सुमारे एक लाख पट होते. लहानपणी भिंगाने उन्हात कागद जाळलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की इथे भिंग आपलं आणि कागदही आपलाच.

दिसणाऱ्या झगझगीत उजेडापुढे डोळा आपोआप मिटतो, मान वळते. साधारण पाव सेकंदात हे घडतं आणि तेवढ्याने पुष्कळदा निभावतं. अदृश्य झोतासमोर पापणी लवतच नाही. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही, त्यामुळे तिथे भाजलं तरी दुखत नाही.

डब्यावरचा आकडा काय सांगतो

लेझरच्या उपकरणांना वर्ग दिलेले असतात. आयईसी ६०८२५-१ या आंतरराष्ट्रीय मानकातून ते आले आहेत आणि उपकरणावरच्या पिवळ्या पट्टीवर छापलेले असतात. वर्ग १ म्हणजे नेहमीच्या वापरात बाहेर येणारा प्रकाश इजा करण्याइतका नसतो. वर्ग २ फक्त दिसणाऱ्या लेझरसाठी आहे. अखंड झोत असेल तर मर्यादा १ मिलिवॅट, आणि भरवसा पापणी मिटण्यावर. ३आर हा त्याच्या वरचा, दिसणाऱ्या झोतासाठी ५ मिलिवॅटपर्यंतचा. ३बी अर्ध्या वॅटपर्यंत जातो. त्याचा थेट झोत, किंवा आरशासारख्या पृष्ठभागावरून परतलेला झोत, डोळ्याला इजा करतो. त्यापुढचे सगळे वर्ग ४ मध्ये. वर्ग ४ मध्ये खडबडीत पृष्ठभागावरून विखुरलेला प्रकाशसुद्धा धोक्याचा असू शकतो, कातडी भाजू शकते आणि आगही लागू शकते. १एम, २एम आणि १सी असे पोटवर्गही आहेत. त्यांतला १सी हा कातडीला टेकवल्यावरच सुरू होणाऱ्या उपकरणांचा, घरी केस काढायला वापरतात तशा यंत्रांचा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. हा आकडा आतल्या लेझरची ताकद सांगत नाही, माणसापर्यंत पोचू शकणारा प्रकाश किती ते सांगतो. २० वॅटचं तेच मार्किंग यंत्र चारी बाजूंनी नीट बंद पेटीत असेल, दार उघडताच लेझर थांबत असेल, तर ते वर्ग १ चं होतं. पेटीशिवाय, नुसत्या खांबावर बसवलेलं तेच यंत्र वर्ग ४ चं. लेझर तोच, भिंग तेच. वर्ग बदलतो तो पेटीमुळे. म्हणून दुरुस्तीसाठी कुणी पेटीचं झाकण काढलं, किंवा दार उघडं ठेवून काम करता यावं म्हणून दाराच्या सेन्सरला लोहचुंबक चिकटवून ठेवलं, की पट्टीवर वर्ग १ लिहिलेलं असूनही समोर वर्ग ४ चा लेझर उघडा पडतो.

किती अंतरापर्यंत?

आता बाटलीच्या त्या दुकानाचा हिशेब करू. १०६४ नॅनोमीटरच्या अखंड झोतासाठी डोळ्याला चालणारी मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५ मिलिवॅट आहे. यंत्राचा झोत अखंड नसून स्पंदांचा असतो, त्यामुळे खरी मर्यादा याहून कडक निघू शकते. पण अंदाज यायला सरासरी ताकदीचा हिशेब पुरे आहे.

समजा, धातूच्या खडबडीत भागावर पडलेला सगळाच्या सगळा २० वॅटचा प्रकाश चहूकडे विखुरला. दूर जाताना तो पातळ होत जातो. ३० सेंटिमीटरवर तो दर चौरस सेंटिमीटरला ७ मिलिवॅट भरतो, म्हणजे मर्यादेच्या वर. सुमारे ३६ सेंटिमीटरवर तो ५ मिलिवॅटपर्यंत उतरतो आणि एक मीटरवर एका मिलिवॅटच्याही खाली जातो. प्रत्यक्षात धातू काही प्रकाश शोषतो, त्यामुळे हे अंतर थोडं कमीच भरेल. तरीही ३६ सेंटिमीटर म्हणजे आपल्या जुन्या मापातला एक हातही नाही, आणि टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवलेल्या मुलाचा डोळा एवढ्याच अंतरावर असतो. गिऱ्हाईक पाच मिनिटांत निघून जातं. दुकानात काम करणारा मुलगा मात्र दिवसभर, प्रत्येक बाटलीवर, अक्षर नीट उमटतंय का ते बघायला तिथेच वाकतो.

ही झाली विखुरलेल्या प्रकाशाची गोष्ट. चकचकीत सपाट पत्र्याची गोष्ट निराळी. ट्रॉफीवर लावायची पितळी पट्टी, घड्याळाची पाठ, सोन्याची सपाट चकती यांवरून झोत विखुरत नाही, आरशासारखा परततो. सोन्यावरून तर या तरंगलांबीचा जवळजवळ सगळाच प्रकाश परत फिरतो. आपल्या दागिन्यांवर भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हाजवळ जो सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक लेझरने कोरतात, तो असाच परतवणाऱ्या धातूवर उमटवावा लागतो.

मार्किंग यंत्राचं भिंग झोताला एका टिंबावर आणतं आणि त्यापुढे झोत पुन्हा फाकतो. एक सेंटिमीटर जाडीचा झोत २५ सेंटिमीटरवर एकवटणारं भिंग धरलं, तर सपाट आरशावरून परतलेला झोत मर्यादेखाली यायला साधारण १८ मीटर लागतात. गोल बाटली झोताला आणखी फाकवते, म्हणून तिथे हे अंतर घटतं. सपाट पट्टीवरून मात्र झोत दुकान ओलांडून, रस्त्यापलीकडच्या गाळ्यात बसलेल्या माणसापर्यंत पोचू शकतो. पट्टी किंचित तिरकी ठेवली गेली, एवढंच कारण त्याला पुरतं.

एक हात आणि १८ मीटर, या दोन अंतरांत नियंत्रित क्षेत्राची सगळी कल्पना आहे. झोत मर्यादेच्या वर राहू शकेल एवढी जागा आखायची, आणि यंत्र चालू असताना तिथे फक्त माहितगार आणि योग्य गॉगल घातलेली माणसंच असतील अशी तजवीज करायची. १८ मीटरची जागा कोणत्या दुकानदाराला परवडणार? कुणालाच नाही. म्हणून क्षेत्र आवळायचं. धातूची पेटी बसवली की नियंत्रित क्षेत्र पेटीच्या आतल्या दीडदोन फुटांत मावतं.

स्वच्छ दिसणारी, पण उघडी पेटी

याच टप्प्यावर एक चूक फार सहज होते. अशा दुकानांत पुष्कळदा दोन यंत्रं शेजारीशेजारी असतात. एक धातूवर कोरणारं फायबर लेझर, दुसरं लाकूड आणि अॅक्रिलिक कापणारं कार्बन डायऑक्साइड लेझर. दुसऱ्याची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, पहिल्याच्या दहापट. त्याच्या झाकणाला पारदर्शक अॅक्रिलिकची खिडकी असते आणि ती योग्यही असते, कारण त्या तरंगलांबीचा प्रकाश अॅक्रिलिक शोषून घेतं. डोळ्यांना आरपार दिसतं, लेझरला मात्र ती भिंत असते.

हे पाहून दुकानदार फॅब्रिकेशनवाल्याकडून फायबर यंत्रालाही अॅक्रिलिकची तशीच पेटी करून घेतो. पेटी सुबक दिसते, दार बसतं, धूरही बाहेर येत नाही. पण १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश साध्या पारदर्शक अॅक्रिलिकमधून सुमारे नव्वद टक्के पलीकडे जातो. काचेतूनही जातो. धुरकट किंवा रंगीत अॅक्रिलिक घेतलं तरी फारसा फरक पडेलच असं नाही. रंग दिसणारा उजेड अडवतो, अवरक्त किरण पुष्कळदा त्यातून सरळ निघून जातात. मग पेटी असूनही दुकान उघडंच राहतं, आणि पेटी आहे म्हणून सगळे निर्धास्तपणे आणखी जवळ जातात.

हे ओळखायचं कसं? नजरेने ओळखता येत नाही. खिडकीच्या कोपऱ्यात किंवा सोबतच्या कागदावर ती कोणत्या तरंगलांबीसाठी आहे आणि तिची ओडी किती हे लिहिलेलं असलं पाहिजे. नसेल, तर विक्रेत्याच्या तंत्रज्ञाकडून पॉवर मीटरवर मोजून घ्यावं: खिडकी मध्ये धरून किती येतं, खिडकीशिवाय किती येतं. त्याहून सोपा मार्ग म्हणजे खिडकीच ठेवायची नाही. चारी बाजूंनी लोखंडी पत्रा, आत एक छोटा कॅमेरा आणि बाहेर पडदा. गिऱ्हाइकाच्या मुलाला नाव उमटताना पडद्यावर अधिक मोठं दिसतं.

गॉगलचा रंग नव्हे, त्यावरचे आकडे

ओडी म्हणजे किती शून्यांनी प्रकाश कमी होतो त्याचं माप. ओडी १ म्हणजे दहाव्या हिश्शाएवढाच प्रकाश आत येतो, ओडी २ म्हणजे शंभरावा हिस्सा, ओडी ४ म्हणजे दहा हजारावा. आपल्या २० वॅटच्या यंत्राला काय लागेल? पूर्ण उघडलेल्या बाहुलीतून या झोताचे सुमारे २ मिलिवॅट आत गेलेले चालतात. २० वॅट म्हणजे २०,००० मिलिवॅट. त्याचे २ करायचे, तर दहा हजाराने भागावं लागतं, म्हणजे निदान ओडी ४ हवा. स्पंदांचा जोर धरून आणि हाताशी थोडं राखून, व्यवहारात ६ किंवा त्याहून जास्त घेतात.

पण ओडी हा आकडा एकटा कधीच पुरा नसतो. तो कोणत्या तरंगलांबीला, हे शेजारी छापलेलं असलं पाहिजे. ८०८ नॅनोमीटरसाठी ओडी ६ असलेला गॉगल १०६४ ला जवळपास साध्या काचेसारखा असू शकतो. यंत्रासोबत फुकट मिळणारा हिरवा चष्मा, ज्यावर एकही आकडा नाही, तो लेझरचा गॉगल धरूच नये. काचेला तडा गेला, चरे पडले, की गॉगल बाद. आणि चांगल्यातला चांगला गॉगलही झोतात मुद्दाम बघण्यासाठी नसतो. पेटी, दार, पट्टीचा कोन हे सगळं चुकलं, तर त्या एका क्षणासाठी तो असतो.

दवाखान्याची खोली

हाच विचार त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात न्यावा, तर एक मोठी अडचण येते. तिथे पेटी करता येत नाही, कारण झोत माणसाच्या अंगावरच टाकायचा असतो. केस काढायला ७५५, ८०८ किंवा १०६४ नॅनोमीटरचे लेझर वापरतात, गोंदण काढायला १०६४ आणि ५३२. बहुतेक यंत्रं वर्ग ४ ची. इथे खोली हीच पेटी होते.

म्हणून खोलीत आरसा नको. ब्यूटी पार्लरचं रूपांतर क्लिनिकमध्ये होतं, तेव्हा भिंतभर आरसे तसेच राहतात. ते काढावेत किंवा पूर्ण झाकावेत. काचेच्या दारावर आणि खिडकीवर अपारदर्शक झाकण हवं, नुसतं दुधी कागद चिकटवून भागत नाही. दाराबाहेर पिवळ्या त्रिकोणातली लेझरची खूण असावी आणि लेझर चालू असतानाच पेटणारा दिवा. चोवीस तास पेटलेल्या दिव्याकडे आठवड्याभरात कुणी बघेनासं होतं. गॉगलची जोडी दाराबाहेर टांगलेली असावी, म्हणजे आत पाऊल टाकण्याआधी ती घालता येते. यंत्राची किल्ली काम संपल्यावर यंत्रात राहू नये. शस्त्रक्रियेच्या खोलीत दार उघडताच लेझर बंद पडणं रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून तिथे कुलपापेक्षा दारावर उभं केलेलं माणूस महत्त्वाचं. आणि हे सगळं बघणारी एक व्यक्ती नेमलेली असावी, जिच्या शब्दावर लेझर थांबतो. सोबत आलेली मैत्रीण कोपऱ्यात उभी राहून मोबाइलवर चित्रण करत असेल, तर तिला बाहेर पाठवण्याचा अधिकार या व्यक्तीला असतो.

रुग्णाचे डोळे हा यातला सर्वांत नाजूक भाग. भुवईजवळचे केस लेझरने काढताना "ताई, डोळे घट्ट मिटा," एवढं सांगणं पुरेसं नाही. पापणी पातळ असते आणि हे किरण तिच्यातून आत जातात. शिवाय डोळा मिटला की बुबुळ वर, भुवईच्या दिशेने फिरतं. म्हणजे आपण डोळा वाचवायला मिटतो आणि बुबुळ नेमकं झोताच्या वाटेत येतं. बुबुळाच्या रंगीत पडद्याला सूज येणं, तो भिंगाला चिकटून बाहुली वेडीवाकडी होणं अशा इजा भुवईच्या उपचारांनंतर डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. म्हणून डोळ्याभोवतीच्या हाडाच्या कडेच्या आत लेझर वापरायचाच असेल, तर पापणीखाली बसवायची धातूची ढाल लागते. बाकी चेहऱ्यासाठी, डोळे पूर्ण झाकणारी अपारदर्शक झाकणं.

कातडीचा हिशेब वेगळा आहे. १०६४ नॅनोमीटरला कातडीची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक वॅट, डोळ्याच्या दोनशेपट. आणि कातडी दुखते, हात आपोआप मागे घ्यायला लावते. तरी तिला कमी लेखू नये. कार्यशाळेत तोच २० वॅटचा झोत ०.०५ मिलिमीटरच्या टिंबावर एकवटतो, तेव्हा तिथली तीव्रता कातडीच्या मर्यादेच्या दहा लाख पट असते. अंगठी बोटांत धरून त्यावर कोरू नये, ती पकडीत बसवावी. दवाखान्यात प्रश्न रंगद्रव्याचा येतो. लेझरने केसाच्या मुळातलं मेलानिन तापवायचं असतं, पण आपल्या सावळ्या त्वचेतही मेलानिन भरपूर असतं आणि तेही तापतं. ७५५ ला ते जास्त शोषतं, १०६४ ला कमी, म्हणून सावळ्या रंगाला पुष्कळदा १०६४ निवडतात. ऊर्जा जास्त झाली, गार करणं कमी पडलं किंवा रुग्ण नुकताच उन्हात रापून आला असेल, तर फोड येतात आणि काळे वा पांढरे डाग मागे राहतात. आधी छोट्या जागेवर चाचणी घेणं याचसाठी असतं.

इजा झाली तर

गेल्या काही वर्षांत मिरवणुकांतल्या लेझर-झोतांनी डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या आणि पुणे पोलिसांनी २०२४ च्या गणेशोत्सवात त्यांवर बंदी घातली. ते झोत निदान दिसत तरी होते. दुकानातल्या झोताची खूण ओळखायला शिकावं लागतं. जोरदार स्पंद दृष्टिपटलावर पडला तर कधी डोक्यात टक् असा आवाज आल्यासारखं वाटतं, पण दुखत नाही. मग समोर काळा ठिपका किंवा तरंगणारा डाग दिसतो. पीतबिंदूवर, म्हणजे दृष्टिपटलाच्या नेमक्या मध्यभागी, इजा असेल तर वाचताना ओळीतलं एखादं अक्षर गायब होतं, सरळ रेघ वाकडी दिसते. दोन्ही डोळे उघडे असताना हे लक्षातही येत नाही. एक डोळा झाकून पाहिलं की कळतं. कार्बन डायऑक्साइड लेझरचं उलट आहे. तो डोळ्याच्या बाहेरच्या पारदर्शक पडद्यातच शोषला जातो आणि लगेच झोंबतो.

अशा वेळी डोळा चोळू नये, थेंब टाकून वाट बघत बसू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावं आणि यंत्राच्या पट्टीवरची तरंगलांबी आणि ताकद सोबत लिहून न्यावी. दृष्टिपटलाचा ओसीटी स्कॅन केला की इजा कुठे आणि किती खोल आहे ते दिसतं. सूज आणि रक्तस्राव काही प्रमाणात ओसरतात, जळून गेलेल्या पेशी मात्र परत येत नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी बाटलीवर नाव कोरून घ्यायला जाल, तेव्हा मुलाला टेबलापासून चांगलं दूर, पाठ करून उभं करा. त्याने विखुरलेल्या किरणांचा प्रश्न सुटेल. तिरक्या पट्टीवरून परतणाऱ्या झोताचा प्रश्न पावलं मागे घेऊन सुटत नाही, तो पत्र्याच्या पेटीनेच सुटतो. तेव्हा नाव उमटून होईपर्यंत दुकानदाराला एवढं जरूर विचारा, "दादा, याला झाकण का नाही?" दिवसभर त्या ठिणगीकडे वाकून बघणाऱ्या त्याच्या दुकानातल्या मुलासाठी तरी विचारा.